ग्राहक सेवेच्या अर्जात चिडलेल्या ग्राहकाचा प्रसंग कसा लिहावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये ग्राहक सेवा प्रतिनिधी, सर्व्हिस सेंटरचा काउंटर किंवा तक्रार नोंदणी कक्ष अशा जागांसाठी अर्ज करताना बायोडाटासोबत एक पत्र मागितले जाते. चिडलेल्या ग्राहकाला आपण कसे शांत केले, याचा स्वतःच्या अनुभवातला एक प्रसंग त्या पत्रात लिहा, अशी सूचना जाहिरातीत अनेकदा असते. त्या एका परिच्छेदाविषयी उमेदवार जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. एका उमेदवार मुलीचे पत्रही दिले आहे. तिची आणि ग्राहकाची ओळख पटेल असा तपशील त्यातून काढून टाकला आहे.

पत्रात एकच प्रसंग का लिहावा? तीन-चार लिहिले तर अनुभव जास्त दिसणार नाही का?

पत्र एका पानाचे, म्हणजे साधारण २५० ते ३५० शब्दांचे असते. त्यात तीन प्रसंग बसवायचे झाले तर प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन वाक्येच येतात आणि तिन्ही प्रसंग ‘ग्राहक चिडला होता, मी समजावले, तो शांत झाला’ याच साच्यात जाऊन बसतात. ग्राहक नेमका कशाने चिडला होता, उमेदवाराने त्याला पहिले वाक्य कोणते ऐकवले आणि त्यानंतर काय केले, हे समजल्याशिवाय वाचणाऱ्याला उमेदवाराची पारख करता येत नाही. त्यासाठी किमान १५० शब्दांची जागा लागते आणि तेवढी जागा एकाच प्रसंगाला मिळू शकते. बाकीचे प्रसंग मुलाखतीसाठी राखून ठेवावेत, तिथे ते हमखास विचारले जातात.

‘मी ग्राहकाचे शांतपणे ऐकून घेतो, माझ्यात सहानुभूती व संयम आहे’ असे लिहिले तर काय बिघडते?

बिघडत काहीच नाही, पण त्या वाक्यावरून काही कळतही नाही, कारण शेजारच्या अर्जात तेच वाक्य असते. अर्ज वाचणाऱ्याची नजर त्यावरून सरळ पुढे जाते. माझ्या मते पत्रात सहानुभूती, संयम, संवादकौशल्य हे शब्द एकदाही आले नाहीत तरी चालते. प्रसंग नीट उतरला असेल तर हे गुण वाचणाऱ्याला त्यातूनच दिसतात, आणि प्रसंग उतरला नसेल तर हे शब्द लिहूनही ते दिसत नाहीत.

प्रसंग निवडायचा कसा? सर्वांत मोठे भांडण झाले होते तो घ्यावा का?

भांडण किती मोठे होते यावर निवड करू नये. काउंटरवरची काच फुटली, पोलीस आले, असे प्रसंग ऐकायला रंजक असले तरी त्यात उमेदवाराने केलेले काम बहुधा थोडेच असते. ग्राहकाच्या तोंडी एक तक्रार होती, पण त्याची खरी अडचण दुसरीच होती आणि ती आपण विचारल्यामुळे समोर आली, असा प्रसंग आठवून पाहावा. मिक्सर दुरुस्त झाला नाही म्हणून आरडाओरडा करणाऱ्या बाईंच्या घरी दुसऱ्या दिवशी पंचवीस माणसांचा स्वयंपाक असतो. गॅस सिलिंडर उशिरा आला म्हणून चिडलेल्या गृहस्थांना त्याच दिवशी दुपारी गावाला निघायचे असते. ही दुसरी गोष्ट आपल्याला कशी कळली, हे सांगता येत असेल तर तो प्रसंग पत्रासाठी योग्य आहे.

नोकरी फोनवरची असेल आणि दोन प्रसंग सारखेच चांगले असतील, तर फोनवर घडलेला निवडावा. समोरासमोर खुर्ची पुढे करता येते, पाणी देता येते. फोनवर हाताशी फक्त आवाज असतो, आणि अर्ज वाचणारा नेमके तेच तपासत असतो.

एखादा खरा प्रसंग घेऊन सुरुवातीपासून दाखवाल का?

ही मुलगी दिंडोरी रोडवरील शेती अवजारांच्या एका दुकानात सुट्या भागांचा काउंटर आणि दुकानाचा फोन सांभाळत होती. तिने पत्रात आधी असे लिहिले होते : ‘एकदा एक शेतकरी ग्राहक खूप रागावले होते. त्यांचा पंप वेळेवर दुरुस्त झाला नव्हता. मी त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले व त्यांना पर्यायी व्यवस्था करून दिली. ते समाधानी होऊन गेले.’

यात खोटे काही नव्हते, पण हा मजकूर नाशिकचा असू शकतो, नांदेडचा असू शकतो आणि पंपाच्या जागी शिलाई मशीन घातले तरी तसाच राहतो. म्हणून तिला पुढे प्रश्न विचारले. महिना कोणता होता? नोव्हेंबर, आणि आदल्या रात्री पाऊस झाला होता. ग्राहक काय म्हणाले? ‘तुमच्या उद्याची वाट बघण्यात माझी बाग जाईल.’ त्यावर तू पहिले काय बोललीस? ती थोडा वेळ आठवत राहिली आणि म्हणाली, ‘मी विचारलं, छाटणीला किती दिवस झाले? आणि किती एकर मारायचे राहिलेत?’

तिचा सगळा प्रसंग या दोन प्रश्नांत होता आणि पत्रात तेच आले नव्हते. द्राक्षबागेत काम न केलेल्या वाचकासाठी थोडे स्पष्ट करायला हवे. नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की बागेचे वय त्या दिवसापासून मोजतात. साधारण पस्तीस ते चाळीस दिवसांच्या आसपास बाग फुलोऱ्यात असते आणि त्या काळात पाऊस पडला तर डाऊनी रोगाची, फुलगळीची आणि घडकुजीची धास्ती असते. पाऊस उघडताच फवारणी करावी लागते आणि ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवसावर टाकणे म्हणजे वर्षाचे पीक पणाला लावणे होय. त्यामुळे बागेला किती दिवस झाले हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला आपल्या घाईचे कारण समजले आहे, हे बागायतदाराला लगेच कळते. त्या मुलीने ‘तुमचा त्रास मी समजू शकते’ असे एकदाही म्हटले नव्हते.

मग पुढचे तपशील निघाले. बाग ३८ दिवसांची होती, पाच एकरांपैकी तीन एकर फवारायचे राहिले होते, आणि दुरुस्तीला लागणारे सील किट पुण्याहून दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. मालक पंप उसना द्यायला आधी तयार नव्हते, अनामत घेण्याच्या अटीवर कबूल झाले. अनामतीवरून ग्राहक पुन्हा तापले. ‘समाधानी होऊन गेले’ हेही पूर्ण खरे नव्हते. दुसऱ्या दिवशी दुरुस्त पंप नेताना ते एक वाक्य ऐकवूनच गेले.

मग अंतिम पत्र कसे झाले?

ते पुढे दिले आहे. ते जसेच्या तसे उतरवून कोणाच्याही उपयोगी पडणार नाही, कारण त्यातला प्रसंग तिचा आहे. मात्र कोणत्या गोष्टीला किती जागा दिली आहे, हे त्यावरून लक्षात येईल.

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ग्राहक सेवा प्रतिनिधी (मराठी व हिंदी) या पदासाठी अर्ज

महोदय,

आपल्या जाहिरातीस अनुसरून मी वरील पदासाठी अर्ज करीत आहे. गेली दोन वर्षे मी नाशिक येथील शेती अवजारांच्या एका दुकानात सुट्या भागांचा काउंटर व दुकानाचा फोन सांभाळते. फवारणीच्या हंगामात येणाऱ्या फोनमध्ये तक्रारीच अधिक असतात. त्यांपैकी एक येथे नमूद करते.

नोव्हेंबर महिन्यात रात्री पाऊस झाल्यानंतर सकाळी दुकान उघडताच एका द्राक्षबागायतदारांचा फोन आला. त्यांचा फवारणी पंप सांगितलेल्या दिवशी दुरुस्त झाला नव्हता. ‘तुमच्या उद्याची वाट बघण्यात माझी बाग जाईल,’ असे ते ओरडून म्हणाले. त्यांचे बोलणे पूर्ण झाल्यावर छाटणीला किती दिवस झाले आणि किती एकर फवारायचे राहिले, हे मी विचारले. बाग ३८ दिवसांची, म्हणजे फुलोऱ्यात होती व ३ एकर राहिले होते. पंप केव्हा मिळतो यापेक्षा त्या दिवशी फवारणी होते की नाही, ही त्यांची काळजी होती. १० मिनिटांत फोन करते असे सांगून मी चौकशी केली. दुरुस्तीचे सील किट पुण्याहून दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते. पंप आज मिळणार नाही, हे मी फोन करून त्यांना आधी सांगितले आणि नंतर मालकांच्या परवानगीने, दुकानातील इंजिनावर चालणारा छोटा पंप २,००० रुपये अनामत घेऊन एका दिवसासाठी देता येईल असे कळवले. अनामतीचे ऐकून ते पुन्हा चिडले. पंप परत येताच रक्कम परत मिळेल, तशी पावती मी आताच लिहून ठेवते, असे सांगितल्यावर ते येऊन पंप घेऊन गेले व त्याच दिवशी फवारणी झाली. दुसऱ्या दिवशी किट आल्याचे मी त्यांना फोनवरून कळवले. दुरुस्त पंप नेताना, ‘हे परवाच सांगितलं असतं तर एवढं झालं नसतं,’ असे ते म्हणाले. तेव्हापासून लागणारा भाग शिल्लक नसेल तर तो कधी येणार, हे मी दुरुस्तीच्या पावतीवरच लिहून देते.

मला मराठी व हिंदी उत्तम बोलता येते, इंग्रजी वाचता-लिहिता येते. एमएस-सीआयटी व मराठी टंकलेखन ३० शब्द प्रतिमिनिट या परीक्षा मी उत्तीर्ण आहे. सकाळ किंवा संध्याकाळच्या पाळीत काम करण्याची माझी तयारी आहे. मुलाखतीची संधी मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,

या पत्रात ग्राहकाविषयीची जाण नेमकी कुठे दिसते? तिने तर ‘माफ करा’ असेही लिहिलेले नाही.

तिने फोनवर माफी मागितली होती, पण पत्रात ती लिहिण्याची गरज नव्हती. माफी सगळेच मागतात आणि रागावलेल्या माणसाला पहिल्या मिनिटात ती बहुधा ऐकूही जात नाही.

पहिली जागा त्या दोन प्रश्नांची आहे, तिच्याविषयी वर लिहिले आहेच. प्रश्न विचारण्यापूर्वी तिने ग्राहकाला पूर्ण बोलू दिले, हेही तिथे एका वाक्यात येऊन जाते. चिडलेला माणूस बोलत असताना मध्येच खुलासा सुरू केला, तर तो पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगतो आणि दुसऱ्या वेळी आवाज अधिक चढलेला असतो. फोनवर काम केलेल्या प्रत्येकाने हे अनुभवलेले असते, त्यामुळे वाचणाऱ्याला हे वाक्य लगेच पटते.

दुसरी जागा १० मिनिटांची. ‘बघून सांगते’ असे तिने म्हटले असते तर त्या माणसाने पुन्हा वाटच पाहिली असती आणि तो चिडला होता तो याच कारणाने. दुकानाने आधी ‘उद्या’ म्हटले होते आणि तो उद्या उगवला नव्हता. ज्याचा एकदा भरवसा मोडला आहे त्याला लहानशी, लगेच पडताळून पाहता येईल अशी वेळ द्यावी आणि ती पाळावी. १० मिनिटांत फोन आला, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या दुपारवर विश्वास ठेवायला त्याला काहीतरी आधार मिळाला.

तिसरी जागा वाक्यांच्या क्रमाची आहे आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. पंप आज मिळणार नाही, ही वाईट बातमी तिने आधी दिली आणि पर्याय नंतर सांगितला. बहुतेक जण उलटे करतात. आधी गोड बोलतात, पर्याय पुढे करतात आणि शेवटी हळूच सांगतात की मूळ काम आज होणार नाही. ते ऐकताच ग्राहकाला आपल्याला गुंडाळले जात आहे असे वाटते आणि चांगला पर्यायही नकोसा होतो.

ग्राहकाचे रागाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत का? शिव्या दिल्या असतील तर?

एक वाक्य जसेच्या तसे जरूर लिहावे, कारण त्याच्या तक्रारीचे मर्म बहुधा त्याच्याच शब्दांत असते. ‘माझी बाग जाईल’ या तीन शब्दांत पंपापेक्षा मोठे काय पणाला लागले होते ते आले आहे. वाक्य बोलीभाषेत असेल तर तसेच ठेवावे, ते शुद्ध करण्याच्या नादात त्यातला जीव जातो. शिव्या मात्र लिहू नयेत. ‘त्यांनी अपशब्द वापरले’ एवढे पुरते, आणि तेही पुढे काय झाले हे समजण्यासाठी गरजेचे असेल तरच लिहावे. ग्राहक किती वाईट वागला हे रंगवून सांगणाऱ्या पत्रातून उमेदवाराच्या मनात तो राग अजून शिल्लक आहे असेच दिसते.

चूक आमच्याच दुकानाची होती. ते लिहिले तर आधीच्या मालकांची बदनामी होणार नाही का?

घडले ते लिहावे, दोष कोणाच्या माथी मारू नये. वरच्या पत्रात ‘पंप सांगितलेल्या दिवशी दुरुस्त झाला नव्हता’ एवढेच आहे. तारीख कोणी सांगितली, सील किट शिल्लक आहे की नाही हे न पाहता ती कोणी दिली, याचा उल्लेख नाही. तो केला असता तर वाचणाऱ्याच्या मनात लगेच शंका आली असती, की उद्या आमच्याकडे काही चुकले तर ही मुलगी ग्राहकापुढे सहकाऱ्याचे नाव घेईल. सेवा केंद्रात हे रोजचे आहे. आधीच्या पाळीतल्या माणसाने दिलेला शब्द पुढच्या पाळीतल्या माणसाला निस्तरावा लागतो, आणि ग्राहकासाठी ते दोघे एकच असतात. दुकानाचे नाव पत्रातील प्रसंगात घेऊ नये, ते बायोडाटात अनुभवाच्या रकान्यात असतेच.

माझ्या प्रसंगात ग्राहक शेवटपर्यंत पूर्ण शांत झाला नाही. तो प्रसंग बाद समजावा का?

मुळीच नाही. उलट ‘शेवटी ते हसत हसत गेले’ हे वाक्य इतक्या पत्रांत असते की त्यावर विश्वास ठेवणे कठीण जाते. वरच्या बागायतदाराने शेवटी एक टोला दिलाच, आणि तो रास्त होता. त्याचे काम झाले, आवाज खाली आला, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दुकानात आला, एवढे परिणामासाठी पुरेसे आहे. परिणाम लिहिताना ग्राहकाला काय वाटले असेल याचा अंदाज बांधू नये. फवारणी झाली, तक्रार मागे घेतली, दुसऱ्यांदा फोन आला नाही, अशी नजरेला दिसलेली गोष्ट सांगावी.

ग्राहक शेवटपर्यंत चिडलेलाच राहिला आणि काहीच हाती लागले नाही, असा प्रसंग मात्र या पत्रासाठी घेऊ नये. जाहिरातीत शांत केल्याचे उदाहरण मागितलेले असते.

मी स्वतःच्या अधिकारात काहीच करू शकत नव्हतो, सगळे वरिष्ठांना विचारूनच केले. मग श्रेय माझे कसे?

ग्राहक सेवेच्या नोकरीत नव्या माणसाला पैसे परत देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा बिल कमी करण्याचा अधिकार सहसा नसतोच. त्यामुळे वरिष्ठांना विचारले ही कमीपणाची बाब नाही. त्यांच्यापुढे काय मांडले, ते महत्त्वाचे. ‘साहेब, एक कस्टमर फार ओरडतोय’ असे सांगितले तर वरिष्ठांना फक्त ओरडणे कळते. त्या मुलीने मालकांना सांगितले की बाग फुलोऱ्यात आहे, तीन एकर राहिले आहे, किट उद्या दुपारी येईल आणि आपला छोटा पंप आज रिकामा आहे. निर्णय मालकांनी घेतला, पण तो घेता येईल अशी माहिती तिने त्यांच्यापुढे ठेवली.

यातून आणखी एक गोष्ट निघते. जे आपल्या हातात नाही ते देऊ केल्याचे पत्रात कधीही लिहू नये. ‘मी त्यांचे दुरुस्तीचे पैसे माफ केले’ असे वाक्य वाचले की पहिला प्रश्न येतो, कोणाच्या परवानगीने? आपल्या मनाने सवलत देऊन ग्राहकाला गप्प करणारा माणूस सेवा केंद्राला परवडत नाही, आणि बहुतेक वेळा ग्राहकाला पैशांची सूट हवीही नसते. त्या बागायतदाराने दुरुस्तीचे बिल पूर्ण भरले होते.

मी अजून कुठेच नोकरी केलेली नाही. माझ्याकडे ग्राहकाचा प्रसंग कुठून येणार?

घरचे किराणा दुकान, मामाची खानावळ, कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी मदत कक्षात केलेले काम, गणेश मंडळाची वर्गणी, सोसायटीच्या टँकरचा हिशेब, यांपैकी काहीतरी असतेच. ज्याला आपल्याकडून काही मिळायचे होते आणि ते वेळेवर न मिळाल्याने जो चिडला, तो या पत्रापुरता ग्राहकच आहे. मात्र आपण तिथे कोणत्या नात्याने होतो हे स्पष्ट लिहावे. मामाच्या खानावळीत सुटीत गल्ला सांभाळला असेल तर तसेच लिहावे, ‘हॉटेल व्यवस्थापनाचा अनुभव’ असे लिहू नये. घरातली भांडणे आणि मित्रांचे रुसवे-फुगवे यांना मात्र या पत्रात जागा नाही.

पत्र मराठीत लिहावे की इंग्रजीत?

जाहिरात ज्या भाषेत आहे त्या भाषेत लिहावे. काम मराठी व हिंदी कॉलचे असेल आणि जाहिरात इंग्रजीत असेल, तर पत्र साध्या इंग्रजीत लिहून ग्राहकाचे ते एक वाक्य मूळ मराठीत ठेवायला हरकत नाही. तिथे वाचणाऱ्यालाही मराठी येत असते.

ग्राहकाचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक दिला तर प्रसंग खरा वाटेल का?

खरा वाटण्याऐवजी अर्ज बाजूला पडण्याची शक्यता अधिक आहे. ग्राहकाची माहिती बाहेर जाऊ न देणे हे या नोकरीतले रोजचे काम आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ साली स्वतंत्र कायदाही झाला आहे आणि कंपन्या याबाबतीत पूर्वीपेक्षा जास्त दक्ष असतात. आधीच्या ग्राहकाचा क्रमांक पत्रात छापणारा उमेदवार पुढच्या ग्राहकांचे काय करील, हा विचार वाचणाऱ्याच्या मनात येणारच. प्रसंग खरा वाटतो तो ३८ दिवस, ३ एकर, २,००० रुपये अनामत, उद्या दुपार अशा तपशिलांमुळे. ते कोणाचीही ओळख उघड करीत नाहीत.

या प्रसंगावरून मुलाखतीत काय विचारतात?

पत्रात लिहिलेल्या प्रत्येक वाक्याच्या पुढचे आणि मागचे विचारतात. मालकांनी पंप द्यायला नाही म्हटले असते तर काय केले असते? दुसऱ्या दिवशी किट आलेच नसते तर? त्या १० मिनिटांत दुसरा ग्राहक काउंटरवर आला असता तर? या मुलीला पहिला प्रश्न विचारला गेला होता. ओळखीच्या दुसऱ्या दुकानात भाड्याचा पंप मिळतो का ते विचारले असते, आणि तोही मिळाला नसता तर तसे लगेच सांगितले असते, म्हणजे त्यांना शेजारच्या बागायतदाराकडे विचारायला सकाळ मोकळी मिळाली असती, असे उत्तर तिने दिले. नाही म्हणायचेच असेल तर ते लवकर म्हणावे, एवढे तिला कळत होते.

काही ठिकाणी लगेच खोटा कॉलही लावतात. मुलाखत घेणाराच चिडलेला ग्राहक होतो आणि उमेदवाराने उत्तरे द्यायची असतात. तिथे पाठ केलेली वाक्ये पहिल्या अर्ध्या मिनिटात संपतात. अशा वेळी समाधान सुचवण्याची घाई न करता आधी एक प्रश्न विचारावा, आणि तो ग्राहकाच्या अडचणीविषयी असावा. ‘आपला तक्रार क्रमांक सांगा’ हा प्रश्नही लागतोच, पण तो पहिला नसावा.

प्रसंग थोडा रंगवला, किंवा इंटरनेटवरचा नमुना बदलून घेतला तर चालेल का?

वर दिलेले प्रश्न विचारले की रंगवलेला प्रसंग टिकत नाही. ज्याने तो फोन घेतला आहे त्याला ग्राहकाचे शब्द, स्वतःचा गोंधळ, मालकांची नाराजी असे न लिहिलेलेही बरेच आठवत असते आणि विचारले की ते सहज बाहेर येते. नमुन्यातून घेतलेल्या प्रसंगात पत्रात लिहिले तेवढेच असते, दुसऱ्याच प्रश्नाला उमेदवार अडतो. शिवाय परदेशी नमुन्यांतले प्रसंग विमानाचे तिकीट, हॉटेलची खोली, हरवलेले सामान यांचे असतात. नाशिकच्या दुकानात दोन वर्षे काढलेल्या उमेदवाराच्या पत्रात ते वाचले की ते कुठून आले हे ओळखायला वेळ लागत नाही.

पत्र ईमेलच्या मजकुरातच लिहावे की वेगळी फाइल जोडावी?

जाहिरातीत सांगितले असेल तसे करावे. काहीच सांगितले नसेल तर पत्र ईमेलच्या मजकुरात लिहावे आणि बायोडाटा पीडीएफ करून जोडावा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले पत्र समोरच्या संगणकावर तो फाँट नसेल तर निरर्थक अक्षरांच्या रांगेसारखे दिसते आणि ते परत मागवण्याइतका वेळ सहसा कोणाकडे नसतो. ईमेलच्या विषयात पदाचे नाव आणि स्वतःचे नाव एवढेच लिहावे.